डोंगराच्या पायथ्याची आग

कन्फ्युशियसने एकदा कौल लावला आणि आकृती आली ‘बी’. नटण्याची, शोभेची, देखणेपणाची आकृती. कुणालाही आनंद व्हावा असाच हा कौल. पण गुरूंचा चेहरा उतरला. जवळच्या शिष्याला नवल वाटलं. ही तर छान आकृती, मग अशुभ कशी, असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं ते रंगांविषयी. पांढरं आहे ते पांढरं दिसावं, काळं आहे ते काळं दिसावं. जिथे सगळी सरमिसळ आहे तिथे चांगलं काय म्हणायचं, असा त्याचा आशय. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या ‘ल्यूशी छुनछिऊ’ या ग्रंथात ही गोष्ट आहे आणि तिथे शिष्य आहे झिगोंग. दोनेक शतकांनी लिऊ श्यांगने संकलित केलेल्या ‘श्वो युआन’मध्ये ती पुन्हा येते. तिथे शिष्य झिझांग आहे आणि गुरूचं उत्तर थोडं लांबलं आहे: अस्सल जेडला कोरीव कामाची, अस्सल मोत्याला सजावटीची गरज पडत नाही, कारण त्यांचा कसच पुरेसा असतो.

ही गोष्ट प्रत्यक्ष घडली की नंतर रचली गेली हे बाजूला ठेवलं, तरी एक गोष्ट तिच्यातून नक्की कळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वाचकांनाही ही आकृती सरळसोट शुभ वाटत नव्हती. आज जगभर जेव्हा कुणी प्रेमाविषयी ‘यी जिंग’ला प्रश्न विचारतं (इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे हे नाव ‘आय चिंग’ म्हणून पोचलं) आणि ही बाविसावी आकृती समोर येते, तेव्हा हाच पेच उभा राहतो. विशेषतः ते प्रेम एकमेकांच्या रूपावर, बोलण्यावर, वागण्यातल्या मोहिनीवर उभं असेल तर. विचारणाऱ्याला वाटतं, सौंदर्याची आकृती आली म्हणजे होकारच मिळाला. वाचन तिथेच चुकायला लागतं.

‘यी जिंग’चा गाभा म्हणजे ‘झोउ यी’, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पश्चिम झोउ काळात आकाराला आलेलं कौलाचं पुस्तक. त्यात 64 आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती सहा रेघांची, रेघ एकतर अखंड किंवा मधोमध तुटलेली. अखंड ती यांग, तुटलेली ती यिन. प्रत्येक आकृतीला एक छोटा निवाडा आणि प्रत्येक रेघेला एक वाक्य. या मजकुरावर पुढे ‘दहा पंख’ नावाची भाष्यं जोडली गेली. परंपरा ती कन्फ्युशियसच्या नावावर घालते. अभ्यासक त्यांना नंतरची मानतात. पाश्चात्त्य वाचकांना हे पुस्तक खऱ्या अर्थाने उघडून दिलं ते रिखार्ड विल्हेल्म या जर्मन मिशनऱ्याने. छिंगदाओत राहून, लाओ नायश्वान या चिनी पंडिताजवळ बसून त्याने ते जर्मनमध्ये आणलं, आणि 1950 साली केरी बेन्सने त्या जर्मनवरून केलेला इंग्रजी अनुवाद कार्ल युंगच्या प्रस्तावनेसह बाहेर पडला. त्याच्याही आधी, 1882 साली, जेम्स लेगचा इंग्रजी अनुवाद मॅक्सम्युलरच्या ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या मालेत छापला गेला होता. त्याच मालेत, त्याच वर्षी, मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.

आता ‘बी’ची आकृती पाहू. रेघा नेहमी खालून वर मोजतात. इथे पहिली अखंड, दुसरी तुटलेली, तिसरी अखंड, चौथी आणि पाचवी तुटलेल्या, सहावी अखंड. खालच्या तीन रेघा मिळून होते आग, वरच्या तीन मिळून डोंगर. म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पेटलेली आग. रात्रीच्या वेळी हे दृश्य काय असेल ते डोळ्यांसमोर आणावं. पायथ्याची झाडं, दगड, गवत सोनेरी दिसतं. सगळा उतार जणू सजवलेला. पण उजेड थोड्याच उंचीपर्यंत पोचतो. वरचा डोंगर आहे तसाच अंधारात, आणि तो किती उंच, कुठे कडा, कुठे दरी, याचा त्या उजेडात पत्ता लागत नाही.

निवाडा या चित्राशी नेमका जुळतो. शोभेला यश आहे, पण लहानशा कामासाठी पुढे जाणं हिताचं, एवढंच तो सांगतो. चित्रावरचं भाष्य आणखी स्पष्ट आहे: या उजेडात शहाण्या माणसाने रोजचा कारभार मार्गी लावावा, मात्र खटल्याचा निकाल देण्याचं धाडस करू नये. प्रेमाच्या प्रश्नाला ही दोन वाक्यं पुरेशी बोलकी आहेत. एकत्र फिरावं, हसावं, एकमेकांसाठी नटावं. यात काही वावगं नाही. लग्न, घर, नोकरी सोडून दुसऱ्या गावी जाणं, दोघांचे पैसे एकत्र करणं, हे मात्र निकाल आहेत. ते या उजेडात द्यायचे नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही आकृती शोभेला खोटं म्हणत नाही. आकृत्यांचा क्रम पाहिला की हे कळतं. बाविसाव्या आकृतीच्या आधी एकविसावी येते, ‘शी ह’, म्हणजे दातांत अडकलेलं चावून फोडणं. क्रमावरचं भाष्य म्हणतं की माणसं नुसती जबरदस्तीने जोडून ठेवता येत नाहीत, म्हणून त्यानंतर शोभा येते. रीतभात, सौजन्य, नीटनेटकेपणा, गोड बोलणं यांशिवाय दोन माणसं एकत्र राहूच शकत नाहीत. पण तेच भाष्य पुढे सांगतं की सजावट पराकोटीला गेली की यश संपतं, आणि म्हणून तेविसावी आकृती येते ती ‘बो’, सोलून निघण्याची. फोडणं, सजणं, सोलणं अशा तीन पायऱ्यांत शोभा मधली आहे. रूपावर जडलेल्या प्रेमाला ती जागा मिळणं रास्तच वाटतं. पाया तिथे नाही, पण त्या पायरीवर पाय ठेवल्याशिवाय पुढेही जाता येत नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊन वाचन प्रत्यक्ष करून पाहू. एका तरुणीची एका लग्नसमारंभात एका तरुणाशी ओळख झाली. चार महिने झाले. तो देखणा, बोलण्यात हुशार, कपड्यांची उत्तम जाण असलेला. भेटी बहुतेक शनिवारी संध्याकाळी, समुद्रकाठच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये. फोटो सुंदर येतात, मैत्रिणी कौतुक करतात, तिलाही त्याच्यासोबत स्वतः अधिक सुंदर झाल्यासारखं वाटतं. पण त्याचं घर तिने पाहिलेलं नाही. तो दमलेला, चिडलेला किंवा आजारी असताना कसा असतो, ते तिला माहीत नाही. आता त्याने पुढच्या वर्षी लग्नाचा विषय काढला आहे.

पहिली पायरी प्रश्नाची. ‘तो माझ्याशी प्रामाणिक आहे का आणि आम्ही लग्न करावं का’ असा जोडप्रश्न विचारला, तर आलेलं उत्तर कशाचं ते कळत नाही. एका कौलाला एकच प्रश्न, आणि तोही स्वतःच्या वागण्याविषयी. ती विचारते: हे नातं आज जसं आहे त्याच्या आधारावर लग्नाला होकार देणं कसं ठरेल?

दुसरी पायरी नाण्यांची. जुनी पद्धत यारो या वनस्पतीच्या 50 काड्यांची होती. एक काडी बाजूला ठेवून उरलेल्या 49 पुन्हापुन्हा वाटून मोजायच्या. नीट केलं तर बराच वेळ लागतो. आज बहुतेक लोक तीन नाणी वापरतात. छापा आला तर 3, काटा आला तर 2, आणि तिन्हींची बेरीज. 7 आली तर अखंड रेघ, 8 आली तर तुटलेली, दोन्ही स्थिर. 9 म्हणजे अखंड पण बदलाच्या उंबरठ्यावरची, 6 म्हणजे तुटलेली आणि तशीच बदलणारी. तिन्ही नाणी सारखी पडली तरच 9 किंवा 6 येते, म्हणून बदलत्या रेघा कमी दिसतात. सहा वेळा नाणी टाकायची आणि खालून वर एकेक रेघ मांडत जायचं.

तिच्या नाण्यांनी दिलं: 7, 8, 9, 8, 8, 7. अखंड, तुटलेली, अखंड, तुटलेली, तुटलेली, अखंड. ही ‘बी’, आणि तिसरी रेघ बदलती.

बाराव्या शतकातला भाष्यकार झू शी याने घालून दिलेला नियम असा की एकच रेघ बदलत असेल, तर मूळ आकृतीतल्या त्याच रेघेचं वाक्य वाचायचं. सहाही वाक्यं वाचून त्यांतलं मनाला आवडेल ते उचलायचं नाही. हा नियम कडक आहे, आणि प्रेमाच्या प्रश्नात तो पाळणं सगळ्यांत अवघड, कारण त्याच पानावर खाली पांढऱ्या घोड्यावरून येणारा वर आहे आणि त्याच्याकडे नजर जातेच.

तिसऱ्या रेघेचं वाक्य शोभेचं आणि ओलाव्याचं आहे. नटलेलं आणि भिजलेलं, चमकदार, रसरशीत. आणि पुढे अट अशी की कायमचा स्थिरपणा राखला तर शुभ. हा ओलावा आला कुठून? आकृती तर आग आणि डोंगराची. इथे जाणकार आकृतीच्या पोटात पाहतात. दुसरी, तिसरी आणि चौथी रेघ एकत्र वाचली की आणखी एक तीन रेघांची आकृती दिसते, आणि ती पाण्याची. तिसरी रेघ त्या पाण्याच्या बरोबर मध्यावर उभी आहे. भिजणं तिथून येतं, आणि बुडण्याची शक्यताही तिथूनच. ‘यी जिंग’मध्ये पाण्याची आकृती खड्ड्याची आणि धोक्याची मानली जाते.

आणखी एक गोष्ट पाहायची ती रेघेच्या शेजाराची. ही अखंड रेघ दोन तुटलेल्या रेघांच्या मध्ये आहे, वरून आणि खालून दोन्हींकडून सजवली जाणारी. भोवती कौतुक भरपूर. पण तिची खरी जोडीदार रेघ कोण? आकृतीत पहिलीची जोड चौथीशी, दुसरीची पाचवीशी, तिसरीची सहावीशी असते, आणि एक यांग नि एक यिन असेल तर ती जोड जुळली असं म्हणतात. तिसरी अखंड, सहावीही अखंड. जोड जुळत नाही. थोडक्यात, शेजार गोड आहे, पण दुसऱ्या टोकाला हात धरणारं कुणी नाही. अकराव्या शतकातल्या छंग यीने याच रेघेवर सावध केलं आहे: ज्यांच्याशी जवळीक जमली ती रीतसर जोड नव्हे, म्हणूनच स्थिरपणाची अट घालावी लागली.

तरुणीच्या प्रश्नावर हे ठेवून पाहिलं की वाचन बरंच थेट होतं. आनंद खरा आहे. तो नाकारायचा नाही. मैत्रिणींचं कौतुक, फोटो, शनिवारची संध्याकाळ हा शेजार आहे, आणि तो तिला दोन्ही बाजूंनी उजळवतो. पण ‘शुभ’ हा शब्द सुटा आलेला नाही, तो ‘कायम’ला बांधलेला आहे. चार महिन्यांत कायमपणा सिद्ध होत नाही. तो फक्त पाहता येतो, आणि तेही शनिवारखेरीज इतर दिवशी.

तिसरी रेघ बदलली की नवी आकृती होते सत्ताविसावी, ‘यी’, पोषणाची. खाली मेघगर्जना, वर डोंगर. तिचं रूपच उघड्या तोंडासारखं आहे: तळाशी आणि माथ्यावर अखंड रेघा, म्हणजे दोन जबडे, आणि मध्ये चार तुटलेल्या, म्हणजे पोकळी. तिचा निवाडा सांगतो की माणूस दुसऱ्यांना काय भरवतो आणि स्वतःचं तोंड कशाने भरू पाहतो ते नीट पाहावं. तिचं भाष्य बोलण्यात जपून राहायला आणि खाण्यापिण्यात मर्यादा ठेवायला सांगतं. डोंगर जागेवरच आहे, फक्त पायथ्याची आग जाऊन तिथे गर्जना आली. म्हणजे प्रश्न उजेडाचा राहिला नाही, पोटाचा झाला. या नात्यात दोघं एकमेकांना काय देतात? तिच्या कामाची अडचण तो ऐकतो का? त्याच्या घरच्या काळज्या तिला माहीत आहेत का? की दोघं फक्त एकमेकांच्या कौतुकावर जगत आहेत?

हा कौल तिला नकार देत नाही. लग्नाच्या निकालाची वेळ आली नाही एवढंच तो सांगतो, आणि थांबण्याच्या काळात काय तपासायचं तेही दाखवतो.

दुसरी रेघ बदलती आली असती, तर वाचन अधिक कठोर झालं असतं. तिथे दाढी सजवलेली आहे. तिसऱ्या शतकातला तरुण भाष्यकार वांग बी म्हणतो की ही रेघ वरच्या रेघेला चिकटून राहते. दाढी हनुवटीबरोबर हलते. तिला स्वतःची चाल नाही. रूपावर उभ्या नात्यासाठी यापेक्षा नेमकी खूण सापडणं कठीण. जोडीदाराच्या झगमगाटामुळे आपल्याला चमक येते आणि तो निघून गेला की आपलं काहीच उरत नाही, अशी अवस्था ती रेघ दाखवते. पहिल्या रेघेत याच्या उलट वागणं आहे. पाय सजवलेले, पण माणूस गाडीतून उतरून चालत निघालेला. भाष्यकार याचा अर्थ असा लावतात की जवळच्या दुसऱ्या रेघेचा सोपा आधार सोडून तो दूरच्या चौथीकडे, आपल्या खऱ्या जोडीकडे, पायी जातो.

आणि ही चौथी रेघ म्हणजे तो पांढरा घोडा. नटावं की साधं राहावं अशा दुविधेत असताना पंख फुटल्यासारखा एक पांढरा घोडा येतो. भीती वाटते तो लुटारू असेल, पण तो सोयरीक घेऊन आलेला असतो. संपूर्ण आकृतीत जुळलेली जोड फक्त पहिली आणि चौथीचीच आहे. एक चालत निघाला, दुसरा पांढऱ्या घोड्यावर आला, आणि दोघांच्याही चित्रात सजावट गळून पडत चालली आहे. विसाव्या शतकातल्या काही चिनी संशोधकांनी तर पूर्ण आकृतीच एका वरातीचं वर्णन म्हणून वाचली: सजलेले पाय, सजलेली दाढी, घोडे, दुरून लुटारू वाटलेले पण जवळ आल्यावर वऱ्हाडी निघालेले लोक, आणि शेवटी रेशमाची भेट. हा अर्थ मानला, तर प्रेमाच्या प्रश्नाला ही आकृती येणं म्हणजे पुस्तक आपल्या मूळ विषयावरच बोलत आहे.

रेशमाची भेट पाचव्या रेघेत येते आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. टेकड्या आणि मळ्यांमध्ये शोभा आहे, हातात रेशमाचं गाठोडं आहे, पण ते लहानसं, फिकं. ओशाळवाणं वाटतं, पण शेवट चांगला. जुन्या चीनमध्ये सोयरीक पक्की करताना वधूच्या घरी पाठवायच्या भेटीत रेशमाचं गाठोडं ठरलेलं असे. विवाहविधींचं वर्णन करणाऱ्या ‘यी ली’ या ग्रंथात काळं आणि लालसर रेशीम नि हरणांच्या कातड्यांची जोडी सांगितली आहे. ‘ली जी’मध्ये गाठोडं म्हणजे पाच गुंडाळ्या. पाचव्या रेघेतला माणूस असं गाठोडं घेऊन आला आहे, पण ते लोकांना दाखवण्याजोगं नाही. काही भाष्यकार याचा संबंध लग्नाशी न लावता, रानात राहणाऱ्या ज्ञानी माणसाला राजाने पाठवलेल्या निमंत्रणाशी लावतात. दोन्ही अर्थांत भेट तोकडी आहे आणि ती देणाऱ्याचा हेतू खरा आहे. ही रेघ बदलली की होणारी आकृती सदतिसावी, ‘ज्या रन’, म्हणजे कुटुंब. शोभेच्या आकृतीतून कुटुंबाकडे जाणारी वाट भपकेबाज भेटीतून जात नाही, तोकड्या भेटीतून जाते. पुस्तकाच्या रचनेतली ही जुळणी वाचणाऱ्याला थक्क करते. सहावी रेघ तर पांढरी शोभा, रंग उतरलेली, आणि तिच्यात दोष नाही.

रूप पाहून केलेल्या लग्नाला कौल लावल्याचा एक जुना प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. तो ‘झुओ झुआन’ या इतिवृत्तात आहे आणि त्याची नोंद इसवी सनापूर्वी 548 च्या घटनांत येते. छी राज्यातला बलाढ्य सरदार छुई झू एका मृत अधिकाऱ्याच्या घरी दुःखभेटीला गेला. गाडी हाकत होता त्या अधिकाऱ्याचा मेहुणा, जो छुईच्याच चाकरीत होता. तिथे छुईने विधवा थांग ज्यांगला पाहिलं आणि तिच्या रूपावर तो भाळला. तिच्या भावाला त्याने सांगितलं, हिला माझ्यासाठी माग. भावाने आडकाठी घेतली: दोघांचं कुळ एकच, असं लग्न रीतीला धरून नाही. तेव्हा छुईने कौल लावला. आकृती आली सत्तेचाळिसावी, ‘खुन’, कोंडीची, तिसरी रेघ बदलती. दरबारी कौलकारांनी सगळ्यांनी शुभ म्हणून सांगितलं. छन वेनझी नावाच्या मंत्र्याला मात्र ते पटलं नाही. त्याने त्या रेघेचं वाक्य दाखवलं: दगडांत अडकलेला, काट्यांचा आधार घेतलेला माणूस घरी येतो आणि त्याला बायको दिसत नाही. अशुभ. छुईचं उत्तर होतं की ती विधवा आहे, ते अशुभ आधीच्या नवऱ्याने भोगून संपवलं. त्याने लग्न केलं.

पुढे छीच्या राजानेच थांग ज्यांगशी संबंध ठेवले. तो वारंवार छुईच्या घरी येई आणि छुईची टोपी उचलून दुसऱ्यांना देऊन टाकी. छुईने राजाला घरात कोंडून मारवलं. दोन वर्षांनी त्याच्या मुलांच्या भांडणाचा फायदा घेऊन प्रतिस्पर्ध्याने त्याचं घराणं धुळीला मिळवलं. थांग ज्यांगने गळफास घेतला. छुई परतला तेव्हा परतायला घर उरलं नव्हतं, आणि त्यानेही तेच केलं.

या कथेत तरबेज लेखकाचा हात स्पष्ट दिसतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने कौल मागाहून बसवला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी दोन गोष्टी तिच्यातून शिकण्यासारख्या आहेत. ‘बी’च्या सहाही रेघा उलट केल्या, अखंडच्या जागी तुटलेली आणि तुटलेलीच्या जागी अखंड, की मिळते ती हीच ‘खुन’. शोभेची पाठची बाजू म्हणजे कोंडी. आणि दुसरं, कौलकारांची चूक. समोरचा माणूस सत्तावान होता, त्याला हवं ते उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तेच दिलं. आकृती स्वतःहून खोटं बोलत नाही, वाचणारा बोलतो. आज स्वतःचा कौल स्वतः वाचणारं माणूस एकाच वेळी छुईही असतं आणि त्याचे कौलकारही.

म्हणून प्रेमाच्या प्रश्नात चूक कुठे होते ते ओळखायच्या काही खुणा आहेत. आकृतीचं नाव वाचताच मन सुखावलं आणि बदलती रेघ वाचायची राहून गेली, तर वाचन अर्धवट आहे. रेघेचं वाक्य वाचलं पण त्यातली अट गाळली, ‘शुभ’ ठेवलं आणि ‘कायमचा स्थिरपणा’ सोडला, तर ती छुईचीच युक्ती. सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे मनाजोगतं आलं नाही म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा नाणी टाकणं. पुस्तकाच्या चौथ्या आकृतीतच यावर खडसावलं आहे: पहिल्या वेळी विचारलं तर सांगितलं जातं, पुन्हापुन्हा विचारलं तर तो त्रास होतो आणि मग काही सांगितलं जात नाही. गणिताच्या अंगाने पाहिलं तरी यात तथ्य आहे. कोणतीही ठरावीक आकृती येण्याची शक्यता 64 मध्ये एक. नाणी टाकत राहिलं तर आवडती आकृती कधी ना कधी येणारच, आणि तेव्हा ती काहीच सांगत नसते.

नाण्यांना त्या तरुणाच्या मनातलं ठाऊक नसतं. तीन नाणी हवेत उडून पडतात, त्यांचा कुणाच्या स्वभावाशी संबंध जोडणारा पुरावा नाही. युंगने त्यासाठी अर्थपूर्ण योगायोगाची कल्पना मांडली; ती मानावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पुस्तक जे करतं ते याविनाही टिकतं. ते विचारणाऱ्याला स्वतःची अवस्था एका परक्या, नेमक्या चित्रासमोर ठेवायला लावतं. भिजलेल्या शोभेचं वाक्य वाचून तरुणीला जी गोष्ट सगळ्यांत आधी आठवली, तीच बहुधा तिने चार महिने टाळली होती.

कौलाने तिला ‘लहान’ कामाची मुभा दिली आहे, आणि ते लहान काम कोणतं हे आता ठरवता येतं. लग्नाला होकार किंवा नकार नाही. एखाद्या साध्या दुपारी त्याच्या घरी जाणं, त्याच्या आईवडिलांशी बोलणं. प्रवासात गाडी चुकली किंवा हॉटेलचं बुकिंग निघालंच नाही, की तो कसा वागतो ते पाहणं. नोकरी, कर्ज, भावंडांची जबाबदारी याविषयी विचारणं, आणि तो उत्तर देताना पुन्हा गोड बोलण्याकडे वळतो का ते ऐकणं. तिनेही एखाद्या शनिवारी न नटता, दमलेलीच त्याच्यासमोर बसून पाहणं. सहा महिन्यांनी तिला पुन्हा नाणी घ्यावीशी वाटली, तर हरकत नाही. मात्र तोवर प्रश्न बदललेला हवा, आणि त्या प्रश्नात रूपाखेरीज दुसरं काहीतरी आलेलं हवं.